चौरस मीटरला एक किलो

किलोमिस्त्री माणसांना किलोत मोजायचा. कुणाबद्दल विचारलं, तर तो आधी नाक मुरडायचा आणि मग आकडा सांगायचा. शेजारचा शिंपी दीड किलो. घरमालक अडीच. सख्खा भाऊ, ज्याच्याशी त्याने बोलणं टाकलं होतं, तो साडेतीन. साडेतीनच्या पुढे माणूस नसतो, म्हणायचा, पुढे नुसता ढिगारा असतो.

हे किलो पुट्टीचे. भिंतीला रंगाआधी जो पांढरा, मऊ लेप देतात, ती पुट्टी. खालचा गिलावा चोख असेल तर पुट्टीचे दोन हात पुरतात. दोन्ही मिळून जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि चौरस मीटरला कोरडी पावडर लागते साधारण एक किलो. ज्याची भिंत दोन किलो खाते, त्याच्या गिलाव्यात खड्डे आहेत आणि तो ते पुट्टीने झाकतोय. तीन खाते, त्याला थापी हातात कुणी दिली याची चौकशी व्हायला हवी. मिस्त्रीच्या मते माणसांचंही तेच होतं. आतला वाकडेपणा झाकायला वर किती लेप द्यावा लागतो, एवढंच त्यांच्यात बघायचं. तो स्वतः अर्थातच एक किलो होता. हे त्याने इतक्या वेळा आणि इतक्या जणांना सांगितलं होतं, की लोकांनी त्याचं नावच तसं पाडलं. त्यात चेष्टा होती. त्याला तो मान वाटायचा.

तरणा असताना त्याचा हात खरोखर देखणा होता, हे त्याच्या शत्रूंनीही कबूल करावं, आणि शत्रूंची त्याला वाण नव्हती. जिप्समचा गिलावा हे उतावळ्याचं काम नाही आणि रेंगाळणाऱ्याचं तर नाहीच. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात पावडर सोडायची, उलटं केलं की गुठळ्या. कालवलं की हाताशी पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात माल भिंतीवर चढवायचा, अॅल्युमिनियमची लांब पट्टी टेकवून खालून वर एका दमात ओढायची, जादा माल काढायचा, खड्डा दिसला की भरायचा, पुन्हा ओढायची. माल घट्ट होऊ लागला, की त्यात पाणी घालून त्याला जिवंत करू पाहणारे कारागीर असतात. मिस्त्री त्यांना कारागीर म्हणत नसे. काय म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पट्टी सरळ चालावी म्हणून बाकीचे लोक भिंतीवर जागोजागी मालाचे ठिपके बसवतात, ओळंब्याने सगळे एका पातळीत आणतात आणि त्यांच्यावरून पट्टी ओढतात. मिस्त्री खाली ठिपका लावायचा, मध्ये लावायचा. छताजवळ कधीच नाही. "वर माझा हात आहे," म्हणायचा. आणि तीस वर्षं तो हात खरंच तिथे होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

लग्न ठरवायला तो पहिल्यांदा सासरी गेला, तेव्हा मुलीकडे बघायच्या आधी त्याने तिच्या मागच्या भिंतीवरून तळवा फिरवला आणि सासऱ्याला म्हणाला, "दोन किलोच्या खाली नाही ही." सासऱ्याला वाटलं, मुलीबद्दल बोलतोय. तो गोंधळ निस्तरायला मध्यस्थाची दुपार गेली. मुलीने मात्र आतून ऐकलं होतं आणि ती हसली होती. पुढे एवढी वर्षं ती त्या हसण्याची भरपाई करत होती, असं तिचंच म्हणणं.

तिचा धाकटा भाऊ मिस्त्रीच्या हाताखाली आला. मिस्त्रीने जिप्सम करायचं, मेहुण्याने मागून पुट्टी मारायची, अशी वाटणी. पहिल्याच कामावर मिस्त्रीने त्याचं बारसं केलं: दोनकिलो. मेहुण्याचं खरं नाव त्या दिवसापासून फक्त त्याच्या बहिणीच्या तोंडी राहिलं. दोनकिलो गरीब स्वभावाचा वगैरे नव्हता. तो आळशी होता, उलट बोलायचा, काम सोडून अर्धा-अर्धा तास फोनवर बोलत बसायचा. पण पुट्टीचं पातं त्याच्या हातात गेलं की भिंतीवर रेघ राहत नसे. हे मिस्त्रीला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच तो ते कधी म्हणाला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं काम मिळालं, तेव्हा मिस्त्रीचा तोरा बघण्यासारखा होता. एक मोठी बसायची खोली, आत तपासणीच्या दोन. छत उंच. बाईंनी छताच्या कडेने लपवलेले दिवे बसवायचं ठरवलं होतं. उजेड वरून भिंतीवर सांडत खाली येणार होता. असा उजेड म्हणजे भिंतीची झडती. समोरच्या खिडकीतून आलेला उजेड खड्डे लपवतो, आणि भिंतीला चिकटून आलेला उजेड केसाएवढ्या लाटेचीही सावली पाडतो. म्हणूनच मिस्त्री दुसऱ्याच्या कामावर गेला की आधी दिवा मागायचा, तो भिंतीला टेकवून धरायचा आणि समोरच्याला त्याच्याच भिंतीतले डोंगर-दऱ्या दाखवायचा. ही त्याची आवडती करमणूक होती. स्वतःच्या भिंतीला त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत दिवा लावला नव्हता. गरज काय?

बाई सामान स्वतः आणणार होत्या, म्हणून त्यांनी किती लागेल ते विचारलं. त्यांच्या इंजिनिअरने सगळ्या भिंतींना सरसकट बारा मिलिमीटर जाडी धरली होती. मिस्त्री त्याच्याकडे बघून असा हसला, की तो बिचारा कागद घडी करायला लागला.

"बाराला चौरस मीटरमागे दहा-अकरा किलो जिप्सम. ते पुस्तकात असतं," मिस्त्री म्हणाला. "ही मागची भिंत ओळंब्यात नाही, हिला अठरा बसेल, म्हणजे पंधरा-सोळा किलो. हे पुस्तकात नसतं. आणि पुट्टी लिहून घ्या. भिंती एकूण एकशेवीस मीटर, पुट्टी एकशेवीस किलो. चाळीसच्या तीन गोण्या. चौथी आणलीत तर परत न्यावी लागेल."

"थोडी जास्त आणून ठेवू का?" बाईंनी विचारलं.

"जास्त लागते ती दुसऱ्यांना."

दोनकिलो खिडकीत बसून बिस्किट खात होता. तो काहीतरी पुटपुटला. मिस्त्रीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जिप्सम झालं आणि भाकितावर शिक्कामोर्तब झाल्यासारखं झालं. उलट दोन गोण्या उरल्या. मिस्त्रीने त्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडखळतील अशा ठेवल्या आणि बाईंना बोलावून दाखवल्या. "तुमचं वाचवलं," म्हणाला. बाई खूश झाल्या. इंजिनिअरने मान डोलावली. मिस्त्रीने भिंतीवरून तळवा फिरवला, जिथवर पोचत होता तिथवर, आणि भिंत गुळगुळीत होती. गुळगुळीत आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. थापी दाबून फिरवली की खड्डासुद्धा गुळगुळीत होतो.

मग दोनकिलोने पुट्टी सुरू केली, आणि काम पुरं व्हायच्या आत तिन्ही गोण्या संपल्या. मोठी खोली झाली होती. आतल्या दोन्ही खोल्या कोऱ्या.

"गोण्या कुठायत?" मिस्त्रीने विचारलं.

"भिंतीवर."

"मी विचारतोय गोण्या कुठायत."

"मीही सांगतोय. भिंत पितेय, भाऊजी. वर जास्त पितेय."

भिंत पितेय! हे वाक्य मिस्त्रीने जन्मभर ऐकलं होतं, आणि ते म्हणणारा प्रत्येक जण एक तर अडाणी निघाला होता नाहीतर चोर. दोनकिलो अडाणी नव्हता. रविवारी तो कुठेतरी बाहेरची कामं करतो, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. त्याने दोनात दोन मिळवले आणि त्याला हवं तेच उत्तर आलं.

"विकलीस की स्वतःच्या कामावर नेलीस?"

दोनकिलोने पातं बादलीत टाकलं. "दिवा लावून बघा वर," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या भिंतीला लावता ना, तसा. एकदा स्वतःच्या भिंतीला लावा."

"माझ्या भिंतीला दिवा लावायला सांगणारा तू कोण रे? दोन किलोचा माणूस!"

आणि तिथेच, बाईंच्या समोर, इंजिनिअरच्या समोर, वायरी ओढणाऱ्या माणसांच्या समोर, मिस्त्रीने आपल्या मेहुण्याला चोर म्हटलं. एकदा नाही. बाई म्हणाल्या, त्या उद्या येतील, तोवर गोण्यांचा छडा लागला नाही तर या माणसाला पुन्हा दवाखान्यात पाऊल टाकू देणार नाहीत, आणि तक्रारही करतील. मिस्त्री म्हणाला, तक्रार करा, मी साक्ष देतो. असं काहीतरी बोलून झालं की माणूस घरी जाताना जरा मोकळा चालतो. तो तसाच चालत घरी गेला.

बायकोला त्याने चप्पल काढता काढताच सांगितलं. "तुझा भाऊ चोर आहे."

ती कपडे घडी करत होती. तिने हातातली चादर पुरी केली. "कशावरून?"

"एकशेवीस मीटरला एकशेवीस किलो लागते. त्याने तेवढी पाऊणशे मीटरला संपवली. उरलेली गेली कुठे?"

"तुमचा हिशोब चुकला असेल."

"माझा?" त्याला खरोखर हसू आलं. "माझा हिशोब चुकायला भिंत माझी नसावी लागेल."

"मग भिंत चुकली असेल."

"अगं, तुला काय कळतं त्यातलं?"

"त्यातलं नाही कळत," ती म्हणाली. "तुमच्यातलं कळतं. पावसाळ्यापासून तुम्ही भांग पाडताना हात वर नेत नाही, डोकं खाली आणता. गळ्यातून घालायचे बनियन सोडून बटणांचे सदरे घालायला लागलात. माळ्यावरचा डबा मी घरात नसताना काठीने ओढून काढता, आणि परवा तो फुटला तर मांजरावर ढकललंत. आपल्याकडे मांजर कधी येतं?"

"खांदा जरा आखडलाय."

"डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर त्याला तीन किलोचा म्हणालात."

"आहेच तो तीन किलोचा."

"माझा भाऊ आळशी आहे," ती म्हणाली. "तोंडाळ आहे. उद्धट आहे. चोर असता तर आजवर तुम्हाला सोडून गेला असता, तेवढी अक्कल चोराला असते. त्याच्यावर आळ घेऊन तुम्ही त्याला कामावरून काढलंत, तर मी त्याच्याच घरी राहायला जाईन. हे तेवढं तुमच्या किलोत बसवा."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली आणि पुढची चादर घेतली. मिस्त्रीला त्या शांतपणाचा राग आला. आरडाओरडा झाला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी कामावर पोचला. त्याने ठरवलं होतं, साऱ्या जगाच्या तोंडात मारायची ती आज मारायची. येताना पुट्टीची एक नवी गोणी त्याने आणली होती. आतल्या एका खोलीची एक लांब भिंत निवडली, दहा चौरस मीटरची. दवाखान्याचा वजनकाटा कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता, तो उघडला आणि त्यावर बरोबर दहा किलो पावडर तोलली. या भिंतीची पुट्टी तो स्वतः मारणार होता. दहा किलोत भिंत झाली की दोनकिलो चोर ठरला. इतकं सोपं.

दोनकिलो आला आणि दारात उभा राहिला. "काट्यावर काय चाललंय, भाऊजी? पुट्टीची तब्येत बघताय?"

"गप्प बस आणि बघ."

मिस्त्रीने पुट्टी कालवली, ती मुरू दिली, पुन्हा कालवली. मग पातं भरून खालून सुरुवात केली. खाली काम बघण्यासारखं होत होतं. पातं सरसर जात होतं, मागे कागदाएवढा पांढरा थर राहत होता, आणि मिस्त्रीचा चेहरा उजळत चालला होता. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग लाकडी घोडीवर चढून तिथून पुन्हा छातीपर्यंत. त्याने बादलीत बघितलं. अगदी हिशोबात. तो मागे वळून मेहुण्याकडे बघून हसला. ते हसू फार वाईट होतं.

मग तो वर गेला.

उजवा हात खांद्याच्या वर गेला की त्याला कळ यायची. ती त्याने गिळली. पातं टेकवलं आणि ओढलं. पात्याच्या दोन टोकांना भिंत लागत होती, मध्ये नव्हती. मध्ये पुट्टी जाऊन बसत होती, आणि जात होती, जात होती. त्याने पुन्हा भरलं. पुन्हा गेली. तीस वर्षांच्या हाताला हे सांगावं लागत नाही. डोळे मिटून त्याने हे ओळखलं असतं, आणि दुसऱ्या कुणाची भिंत असती तर आता तो घोडीवरून गर्जला असता: कुठल्या गाढवाने केलीय ही? छताखालचा पट्टा अर्धाही झाला नव्हता आणि बादली खरवडायची वेळ आली.

बादली रिकामी झाली.

दोनकिलोने वाकून रिकामी बादली उचलली आणि बाजूला ठेवली. मिस्त्रीला ते टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"जा, चहा पिऊन ये," मिस्त्री म्हणाला. "सगळेच जा. वायरीवाल्यांनाही ने."

ते गेल्यावर त्याने वायरीवाल्यांचा हातात धरायचा दिवा घेतला. उजव्या हाताने वर नेता येईना, म्हणून डाव्या हाताने नेला आणि भिंतीला चिकटून धरला.

पट्टा छताखाली होता. वरून दोन हात उंचीचा, आडवा, बशीसारखा आत गेलेला. त्याची खालची कड सरळ होती, कुणी सूत धरून मारल्यासारखी. मिस्त्री मोठ्या खोलीत गेला. तिथे दोनकिलोने पुट्टीचे थरावर थर चढवून तो भरत आणला होता. पुट्टी इतकी जाड चालत नाही, म्हणून काही ठिकाणी बारीक तडे धरले होते. पण कड तीच, उंची तीच. तिसऱ्या खोलीत तीच. पूर आलेल्या घरात पाण्याची रेघ उरते, तशी ती सगळ्या भिंतींवरून फिरली होती. मिस्त्रीने घोडीवर उभं राहून उजवा हात वर केला. तो जिथे थांबला, तिथेच रेघ होती.

पट्टी एका दमात वर जात नव्हती, त्याच्याने ती जात नव्हती. खांद्याशी हात थांबायचा, मग तो पट्टी सोडून पुन्हा पकडायचा, तोवर माल घट्ट व्हायला लागायचा, आणि वरच्या भागात पट्टी तिरकी होऊन माल ओरबाडून आणायची. वर ठिपका असता तर पट्टी त्यावर टेकली असती आणि आत गेलीच नसती. ठिपका नव्हता. वर त्याचा हात होता. मग तो थापीने सगळं घोटून गुळगुळीत करायचा आणि खाली उतरायचा. किती दिवस? गेल्या वर्षीची ती वाचनालयाची भिंत? ती बँकेची? आणि त्याआधीची?

आणि त्या वाचवलेल्या दोन गोण्या! त्या अजून दारातच होत्या. जे जिप्सम भिंतीवर जायला हवं होतं ते दारात होतं, आणि त्याच्या जागी मेहुण्याने पुट्टी भरली होती. मिलिमीटरला सव्वा किलो या दराने, गुपचूप. गुपचूप तरी कुठे? तो सांगत होता. भिंत पितेय, भाऊजी.

मिस्त्री त्या गोण्यांवर बसला. त्याच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती कबुली नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. पहिली आली सबब. आतली ठोकळ्यांची भिंतच वाकडी होती, म्हणू. पुट्टीचा माल खराब आला, म्हणू. इंजिनिअरवर ढकलू, तो काही बोलणार नाही. एका माणसाच्या डोक्यात इतक्या कमी वेळात इतक्या सबबी येऊ शकतात, हे बघून त्याला स्वतःचीच किळस आली. तो आयुष्यभर ज्या माणसांवर थुंकला, त्यांच्याकडेही नेमक्या याच सबबी असायच्या. शब्दसुद्धा हेच.

बाई आल्या तेव्हा तो तिथेच बसला होता. दोनकिलो, वायरीवाले, इंजिनिअर मागोमाग आत आले.

"लागला का छडा?" बाईंनी विचारलं. "की तक्रार करायची?"

मिस्त्रीने घसा खाकरला. "पुट्टी कुठे गेलेली नाही," तो म्हणाला. "भिंतीतच आहे. वर."

"म्हणजे?"

"वरच्या पट्ट्यात जिप्सम कमी बसलंय. दोन-दोन, अडीच-अडीच मिलिमीटर. तिथे पुट्टी जास्त लागणारच."

"कमी कसं बसलं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. दोनकिलो सोडून. तो खिडकीबाहेर बघत होता.

"माझा हात वर जात नाही," मिस्त्री म्हणाला. हे वाक्य त्याने बायकोलाही कधी म्हटलं नव्हतं. "भिंत मी वाकडी केलीय. याने चोरी केली नाही."

इंजिनिअरला हसू आवरलं नाही, आणि मिस्त्रीने त्याला दोष दिला नाही. बाई डॉक्टर होत्या, त्या आधी खांद्याकडे बघून मग भिंतीकडे वळल्या. "आता काय करायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"वरची पुट्टी खरवडून काढायची. जिप्समपर्यंत. तडे गेलेत, ती राहणार नाही. मग त्या पट्ट्यात जिप्समचा पातळ हात पुन्हा, वर ठिपके लावून. ते वाळलं की पुट्टी." त्याने दारातल्या गोण्यांवर हात ठेवला. "जिप्सम आहे. हे तिथलंच आहे."

"आणि मग पुट्टी किती?"

"चौरस मीटरला एक किलो," मिस्त्री म्हणाला. या वेळी तो आकडा त्याच्या तोंडून जरा खरडतच बाहेर आला.

"पण वर मारणार कोण?" हे दोनकिलोने विचारलं. खिडकीबाहेर बघतच.

 मिस्त्रीने उठून लांब पट्टी उचलली आणि मेहुण्याच्या दिशेने धरली. मेहुण्याने ती लगेच घेतली नाही. मिस्त्रीला ती धरून उभं राहावं लागलं, आणि पट्टी हलकी असली तरी आखडलेल्या खांद्याला हलकं काहीच नसतं. मग मेहुण्याने घेतली.

खरवडण्यात दिवस गेले, आणि ते काम मिस्त्रीने केलं, घोडीवर घोडी चढवून, डाव्या हाताने. मग जिप्सम कालवायचा दिवस आला. दोनकिलोने छताखाली ठिपके लावले, ओळंबा सोडून, एकेक तपासून. तो वेळ लावत होता आणि मिस्त्रीला अशा वेळी ओरडायची सवय होती, पण तो ओरडला नाही. मग माल चढला, पट्टी टेकली, आणि खालून वर एका दमात, न थांबता, छताला जाऊन भिडली.  असं ओढलेलं मिस्त्रीने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

माल घट्ट झाल्यावर तो दिवा घेऊन पुढे झाला आणि भिंतीला चिकटून धरला. सवय कुठे जाते? तो डोळे बारीक करून सावली शोधत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधली. मिळाली नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि चांगलं बोलायचा सराव नव्हता.

"ए, दोनकिलो," त्याने खालून हाक मारली. "त्या कोपऱ्यात जरा बघ."

मेहुणा घोडीवर होता. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. थापी चालू ठेवत म्हणाला, "दोनकिलो होय? तो खाली दिवा धरून उभा आहे, भाऊजी."

वायरीवाल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मिस्त्रीच्या तोंडाशी उत्तरं आली. आळशीपणाबद्दल एक, फोनबद्दल एक, सासरच्या भिंतीबद्दल तर फार जुनं आणि फार धारदार. त्याने एकही दिलं नाही. कोपऱ्यात नीट दिसावं म्हणून त्याने दिवा डाव्या हातात घेतला आणि आणखी वर धरला.